फ्रिज घरचा, जीएसटी नंबर दुकानाचा

हार्डवेअरच्या दुकानदाराने घरासाठी २३,६०० रुपयांचा फ्रिज घेतला आणि सवयीने दुकानाचा जीएसटी नंबर दिला, तर त्यातला ३,६०० रुपयांचा कर त्याच्या GSTR-2B मध्ये आपोआप दिसू लागतो. सीएला कोणी सांगितले नाही, तर तो दुकानाच्या देय करातून वजाही होतो. घरगुती वापराच्या वस्तूवर ही वजावट कायद्याने मिळत नाही. पुढे सापडली, तर व्याजासह भरावी लागते.

म्हणून बिले अपलोड केल्यावर असा ईमेल हवा: ‘साहेब, फ्रिजचे बिल घरचे आहे. पैसे दुकानाच्या खात्यातून गेलेत, ते माझ्या नावे उचल दाखवा. जीएसटीची वजावट घेऊ नका. मोबाइलचे बिल अर्धे दुकानाचे. टेम्पोभाड्याची पावती माझ्या नावावर आहे, पण माल दुकानाचा होता.’

मला यातले टेम्पोचे वाक्य सर्वांत कामाचे वाटते. ते नसते, तर पावतीवरचे नाव पाहून सीएने धंद्याचा खरा खर्च खासगीत टाकला असता. मोबाइलच्या ‘अर्ध्या’ला मात्र काही आधार हवा. त्याच नंबरवर ऑर्डरी येतात, एवढे लिहिले तरी सीएला वाटणी ठरवता येते. नुसता अंदाज चौकशीत टिकत नाही.