कोण आधी, कोण किती वाजता?

पुण्याची अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली की दुसऱ्या दिवशी एकच विषय असतो: यंदा किती तास लागले आणि कोणामुळे लागले. पहिल्या प्रश्नाला पोलिसांचा आकडा मिळतो. दुसऱ्याला प्रत्येक पेठेचं वेगळं उत्तर असतं. खरं तर लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या गॅलरीत दिवसभर चालू असलेल्या कॅमेऱ्याकडे या प्रश्नाचं बरंचसं उत्तर असतं, पण त्यासाठी त्या व्हिडिओची नीट नोंद व्हायला हवी. कोणतं मंडळ, कोणतं पथक, कोणाच्या मागे, किती वाजता. ऐकायला कारकुनी वाटणाऱ्या या कामात खाचाखोचा बऱ्याच आहेत.

क्रमापासून सुरुवात करू. मानाच्या पाच गणपतींचा क्रम पुणेकराला पाठ असतो: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. मंडईजवळच्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते, बेलबाग चौकात लक्ष्मी रस्त्याला लागते आणि अलका टॉकीज चौकाकडे सरकते. मानाचे गणपती याच क्रमाने जातात. त्यांच्यामागे मात्र जाहीर क्रम आणि प्रत्यक्ष क्रम यांची फारकत होऊ शकते, कारण बेलबाग चौकात आणि पुढच्या चौकांत मंडळं बाजूच्या रस्त्यांनी रांगेत शिरतात. सवयीचा क्रमही बदलतो. दगडूशेठ हलवाई गणपती वर्षानुवर्षं रात्री उशिरा लक्ष्मी रस्त्यावर यायचा. २०२३ मध्ये तो दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत सामील झाला आणि मागच्या सगळ्यांचं गणित हललं. म्हणून छापील यादी समोर ठेवून व्हिडिओ पाहायला बसू नये. यादी डोळ्यांसमोर असली की माणसाला तेच दिसायला लागतं. आधी दिसेल ते लिहावं आणि यादीशी ताळा नंतर घालावा.

दिसेल ते लिहायचं म्हणजे नेमकं काय? मंडळ ही एक वस्तू नाही, लांबलचक रांग आहे. पुढे मंडळाचा फलक, मग ध्वज, त्यामागे एक, दोन किंवा तीन ढोल-ताशा पथकं, मग कार्यकर्ते, त्यांच्यामागे पालखी किंवा रथ आणि सर्वांत शेवटी उरलेले कार्यकर्ते. फलक येऊन गेल्यावर मूर्ती दिसायला अर्धा तासही लागू शकतो. ‘अमुक मंडळ २ वाजून १० मिनिटांनी आलं’ या नोंदीला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. एकाने फलक धरलेला असतो, दुसऱ्याने मूर्ती, आणि दोघंही खरं बोलत असतात.

यावर उपाय म्हणजे चित्रात एक रेषा ठरवायची. समोरच्या दुकानाच्या पाटीची कड आणि अलीकडचा दिव्याचा खांब यांना जोडणारी कल्पित रेषा चालते. खूण रस्त्यावरच्या पक्क्या वस्तूची हवी, पडद्यावरच्या जागेची नको, कारण कॅमेरा थोडा जरी फिरला किंवा कुणी झूम केलं तरी पडद्यावरची जागा सरकते. मग प्रत्येक मंडळाच्या तीन वेळा लिहायच्या: फलकाने रेषा ओलांडली ती, मूर्तीने ओलांडली ती आणि शेवटच्या कार्यकर्त्यांनी ओलांडली ती. रथ असेल तर पुढचं चाक धरावं, पालखी असेल तर मूर्तीच. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. पथकं मंडळाच्या नावाखाली स्वतंत्र ओळीत लिहावीत. नवखा माणूस हमखास फसतो तो इथे. पथकाच्या झेंड्यावर आणि ढोलांवर पथकाचं नाव असतं आणि तो ते मंडळाचंच समजून बसतो. शिवाय एकच पथक दिवसभरात दोन मंडळांपुढे वाजवू शकतं. सकाळचाच झेंडा संध्याकाळी पुन्हा दिसला म्हणून व्हिडिओ उलटसुलट जोडलाय असं मानायचं कारण नाही.

आता घड्याळ. व्हिडिओच्या फाइलला स्वतःची वेळ असते, पण ती कशाची वेळ आहे हे विचारल्याशिवाय वापरू नये. संगणकावर ती अशी पाहता येते:

```
ffprobe -v error -show_entries format=duration:format_tags=creation_time clip.mp4
```

समजा फोनवरच्या एका तुकड्यासाठी उत्तर आलं `2024-09-17T06:12:40Z`, आणि लांबी १५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. सकाळी सव्वासहाला लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक कुठून आली? शेवटचा `Z` सांगतो की ही जागतिक प्रमाणवेळ आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की ११:४२:४० होतात. पण फाइलचं नाव आहे `VID_20240917_111738.mp4`, म्हणजे ११:१७:३८. दोन्हींत २५ मिनिटांचा फरक आहे आणि तुकड्याची लांबीही तेवढीच आहे. याचा अर्थ या फोनने फाइलच्या आत चित्रीकरण संपल्याची वेळ लिहिली आणि नावात सुरू झाल्याची. अनेक अँड्रॉइड फोन असंच करतात, सगळे मात्र नाही. ही वजाबाकी केली नाही तर त्या तुकड्यातलं प्रत्येक मंडळ २५ मिनिटं उशिरा नोंदलं जातं. नोंद वरवर सुसंगत दिसत राहते, क्रमही बरोबर असतो, त्यामुळे चूक पकडायला दुसऱ्या कॅमेऱ्याशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

फोनचं घड्याळ नेटवर्कवरून जुळत असल्याने निदान सेकंदांच्या हिशेबात भरवशाचं असतं. हँडीकॅमचं घड्याळ मात्र कधी काळी कोणी लावलं असेल तेवढंच खरं. तिथे सोपी युक्ती आहे: सकाळी चित्रीकरण सुरू करताना आणि संध्याकाळी थांबवताना सेकंद दाखवणारा फोन कॅमेऱ्यासमोर धरायचा. फोनवर ११:००:०० असताना कॅमेरा ११:०४:१० दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक वेळेतून ४ मिनिटं १० सेकंद वजा करायचे. संध्याकाळी तोच फरक ४ मिनिटं १४ सेकंद भरला तर दिवसभरात घड्याळ चार सेकंद सरकलं, आणि मिरवणुकीच्या कामाला एवढं सरकणं चालतं. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हेही ध्यानात ठेवावं. नोंदीत नुसती वेळ लिहिली तर पहाटे दोनचं मंडळ क्रमवारी लावताना सकाळच्या कसबा गणपतीच्याही वर जाऊन बसतं. तारीख आणि वेळ एकत्रच लिहावी.

दिवसभराचं चित्रीकरण सलग पाहणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे आणि त्याची गरजही नाही. दर दहा सेकंदांचं एक चित्र काढून घेतलं की २५ मिनिटांच्या तुकड्याची साधारण दीडशे चित्रं होतात आणि ती एका नजरेत चाळता येतात.

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=1/10 chitra_%04d.jpg
```

या चित्रांवरून फलक कुठे आला, रथ कुठे आला याचा सुगावा लागतो. नेमका सेकंद मात्र मूळ व्हिडिओतच पाहावा. आवाजही कामाला येतो: एका पथकाचा ठेका विरून दुसऱ्याचा चढू लागला की रांग बदलते आहे. गुलालाने चित्र भरून गेलं असेल तेव्हा कानच सांगतो. रात्री बाराला वाद्यं बंद होतात, सकाळी सहापर्यंत हा आधार उरत नाही. तेव्हा रोषणाईच्या रथांवरून ओळख पटवावी लागते आणि ‘खात्रीने’, ‘अंदाजाने’ असा एक रकाना नोंदीत असावा लागतो. फलक वाचता आला तर खात्री. नुसत्या रथावरून ओळखलं तर अंदाज.

एवढी उठाठेव कशासाठी, ते एका उदाहरणात पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एका मंडळाच्या फलकाने रेषा ओलांडली २ वाजून ६ मिनिटांनी, मूर्तीने २:३१ ला, शेवटच्या माणसाने २:३४ ला. पुढच्या मंडळाचा फलक आला २:४३ ला. मंडळाने रेषेवर २८ मिनिटं घेतली, त्यामागे ९ मिनिटं रस्ता रिकामा होता. सर्वसाधारण शेरा असा की, ‘मंडळ २८ मिनिटं रेंगाळलं.’ पण व्हिडिओत पाहिलं तर पहिलं पथक २:०९ ते २:२३ अशी १४ मिनिटं जागेवर उभं राहून वाजवत होतं. का उभं होतं, हे त्याच्या पुढच्या रस्त्यावरून कळतं. पुढे दुसऱ्या मंडळाचा रथ अगदी लागून उभा असेल तर हे पथक अडकलेलं आहे, दोष पुढचा. पुढचा रस्ता अलका चौकाच्या दिशेने मोकळा पडला असेल आणि तरी पथक हललं नसेल, तर ती १४ मिनिटं या मंडळाच्या खात्यात जातात. म्हणून थांब्याच्या प्रत्येक नोंदीसमोर ‘पुढे मोकळं’ की ‘पुढे भरलेलं’ एवढे दोन शब्द लिहावेत. उशिराचा हिशेब मांडताना मंडळाच्या लांबीपेक्षा हे दोन शब्द जास्त सांगतात, असं माझं मत आहे. त्यासाठी कॅमेऱ्याचं तोंड येणाऱ्या मंडळांकडे नव्हे, तर जाणाऱ्यांकडे हवं. हौशी कॅमेरे नेमके उलटे असतात, कारण मूर्तीचं मुख समोरून हवं असतं.

मागच्या ९ मिनिटांच्या रिकाम्या रस्त्याचं काय? ते अंतर मागच्या मंडळाच्या संथपणामुळे पडलं असेल, किंवा दोन मंडळांच्या मधे बेलबाग चौकात कोणी वेळेवर शिरलंच नसेल. एका कॅमेऱ्यावरून हे सांगता येत नाही. बेलबाग चौकाजवळ एक आणि अलका चौकाजवळ एक असे दोन कॅमेरे असतील, तर तेच अंतर आधी होतं की वाटेत वाढलं ते दिसतं. वृत्तवाहिन्यांचं चित्रीकरण या कामाला उपयोगी पडत नाही. ते एका चौकातून दुसऱ्या चौकात उड्या मारतं, मधले तुकडे गाळतं, आणि सावल्या अचानक लांब झाल्या की मगच लक्षात येतं की मधला तास गायब आहे. कोण आलं होतं एवढंच त्यातून घ्यावं.

लक्ष्मी रस्त्यावर ज्यांची गॅलरी आहे त्यांना यंदासाठी एक सांगणं. कॅमेरा स्टँडवर बांधा, झूमला हात लावू नका, सुरुवातीला फोनचं घड्याळ दाखवा आणि बॅटरी बदलल्यावर पुन्हा दाखवा. चित्रीकरण कुणाला द्यायचं असेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, कारण तिथे तो दाबला जातो आणि चित्रीकरणाची मूळ वेळ हाती लागत नाही. पेनड्राइव्हवर मूळ फाइल मूळ नावासह द्या.