आभार प्रदर्शन: नावांच्या यादीचं भाषण कसं करायचं?

निवेदकानं ‘आता आभार प्रदर्शन’ म्हटलं की मागच्या खुर्च्या सरकू लागतात. दोष बहुतेकदा श्रोत्यांचा नसतो, हातातल्या चिठ्ठीचा असतो.

राम गणेश गडकरी यांचं २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर इथं निधन झालं. समजा, सावनेरच्या एका शाळेत त्यांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आहे आणि चिठ्ठी अशी आहे:

“प्रमुख पाहुण्यांचे मी आभार मानतो. अध्यक्षांचे मी आभार मानतो. मुख्याध्यापकांचे मी आभार मानतो. नाट्यप्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांचे मी आभार मानतो. माईकवाले, चहावाले यांचेही आभार मानतो.”

‘आभार मानतो’ पुन्हा पुन्हा येतं, हे खटकतंच. पण खरी उणीव वेगळी आहे: कोणी नेमकं काय केलं, हे कुठेच नाही. म्हणून आधी प्रत्येक नावापुढे त्या माणसाचं एक काम लिहावं. तालीम कुठे झाली, सतरंज्या कोणी घातल्या, हे आदल्या दिवशी विचारून कळतं. पाहुणे आणि अध्यक्ष यांच्यापुढची जागा मात्र कोरी ठेवावी आणि ती कार्यक्रम चालू असताना, पुढच्या रांगेत पेन घेऊन बसून भरावी.

मग कामांना कामं जोडायची. तीच माणसं आता अशी येतात (नावं आपापल्या जागी घालावीत):

“गडकरींनी अखेरचा श्वास याच सावनेरात घेतला. त्यांच्या आठवणीसाठी नागपूरहून आलेल्या आपल्या पाहुण्यांनी ‘भावबंधन’मधल्या धुंडिराजाला हसताना त्याच्यातला बाप विसरू नका, असं सांगितलं. तोच धुंडिराज आठवीच्या मुलांनी आपल्यासमोर उभा केला. त्यांच्या तालमीसाठी शाळा सुटल्यावर रोज तासभर वर्ग उघडा ठेवला तो मुख्याध्यापकांनी. मधेच वीज गेली, पण माईकवाल्या दादांनी लगेच जनरेटर लावला, म्हणून शेवटच्या रांगेलाही संवाद ऐकू आले. पुढच्या वर्षी पूर्ण नाटक करा, असं अध्यक्षांनी सुचवलं आहे. मुलं आत्तापासूनच पाठांतराला लागली असतील! सकाळी सतरंज्या घालणारे हात, चहा करणाऱ्या मावशी आणि थंडीत शेवटपर्यंत बसलेले तुम्ही, सर्वांचे मंडळाच्या वतीने मनापासून आभार.”

‘आभार’ हा शब्द एकदाच आला, तोही शेवटी. पाहुण्यांकडून धुंडिराज, धुंडिराजाकडून मुलं, मुलांकडून मुख्याध्यापक: प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचं बोट धरून येतं.

फसण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. पाहुण्यांचं वाक्य नीट ऐकू आलं नसेल तर ते त्यांच्या तोंडी घालू नये, विषय सांगावा. न आलेल्या माणसाचं नाव खोडायला विसरू नये. नाही तर सभागृहात हशा होतो. ‘यांच्याविना हा कार्यक्रम अशक्य होता’ हे चौघांबद्दल म्हटलं की कोणालाच खरं वाटत नाही. देणगीदाराला नाव सांगितलेलं चालेल का, हे आधी विचारावं. तीस स्वयंसेवक असतील तर नावं फलकावर लावावीत आणि भाषणात त्यांचं काम सांगावं.

आभारानंतर राष्ट्रगीत असेल तर ‘बाहेर चहा तयार आहे’ हे वाक्य भाषणात नको. निम्मी मंडळी तेवढ्यातच उठतात.