शाळेतली उर्दू कुठे जाते?

नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. माध्यमिक शिक्षणाचं माध्यम उर्दू. तेव्हा शाळेत शिकलेल्या पिढीची उर्दू वापराविना पुसली गेली का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्यांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना शिकून ५० वर्षं झाली होती. विसर मुख्यतः पहिल्या तीन ते सहा वर्षांतच पडला. उरलेलं कित्येक दशकं टिकलं.

आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं असतं. म्हणून शाळेतली उर्दू परत आणायची तर सुरुवात वाचनाने करावी. ‘किताब’ हा उर्दू लिपीतला शब्द वाचता आला, पण लिहिताना अक्षरं अडली, तर ज्ञान सुप्त आहे. असे शब्द रोज न बघता लिहावेत; ते नव्या शब्दांपेक्षा लवकर बसतात. अक्षरंच अनोळखी वाटली, तर मुळाक्षरांपासून शिकावं.