विषयाच्या ओळीत आधी पद, मग आभार

मुलाखतीनंतरची मेल अनेकदा फोनवर पाहिली जाते आणि तिथे विषयाची ओळ साधारण ३०-४० अक्षरांनंतर कापली जाते. म्हणून पदाचं नाव आधी, सौजन्य नंतर. ‘आपल्या अमूल्य वेळेबद्दल मनःपूर्वक आभार’ यातून कोण, कशासाठी, काहीच कळत नाही. ‘लेखापाल मुलाखत, १२ जून : आभार’ हे कोरडं वाटेल, पण दिवसभर उमेदवारांना भेटलेल्या माणसाला तेच हवं असतं.

निकालाची विचारणा करायची ती सांगितलेली मुदत उलटल्यावर, आणि शक्यतो जुन्याच मेलला उत्तर देऊन. मागचा पत्रव्यवहार आपोआप समोर येतो. जीमेलमध्ये विषय बदलला की ती साखळी तुटते. नव्या मेलला हाताने ‘Re:’ चिकटवणं तर निव्वळ लबाडी. नवीच लिहायची असेल तर ‘लेखापाल पद : निर्णय कधी अपेक्षित?’ पुरे. ‘तातडीचे’ नको, घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही.

ऑफर आल्यावर निर्णय ओळीतच सांगा: ‘लेखापाल ऑफर : स्वीकार, रुजू १ जुलै’. पगाराबद्दल बोलायचं असेल तर ‘लेखापाल ऑफर : दोन शंका’. आकडा मात्र आत लिहा, कारण फोनच्या पडद्यावर ही ओळ शेजारच्यालाही दिसते.