कोन तेच, नाव बदलले की उत्तर बदलते

दोन रेषांना तिसरी रेषा दोन वेगळ्या बिंदूंत छेदते, तेव्हा त्या तिसऱ्या रेषेला छेदिका म्हणतात. प्रत्येक छेदनबिंदूपाशी चार, असे एकूण आठ कोन तयार होतात. या आठ कोनांतून निवडलेल्या जोड्यांना जी नावे आहेत, ती फक्त कोनांच्या जागेवरून पडलेली आहेत. दोन्ही रेषा समांतर नसल्या तरी ही नावे लागू होतात. समांतरपणाचा संबंध येतो तो मापांशी, आणि प्रश्न सोडवताना होणारा निम्मा गोंधळ या दोन गोष्टी वेगळ्या न ठेवल्यामुळे होतो.

एक आडवी रेषा वर, दुसरी तिच्याखाली आणि उजवीकडे झुकलेली छेदिका, अशी आकृती कागदावर काढावी. प्रत्येक छेदनबिंदूपाशी वर-डावा, वर-उजवा, खाली-डावा आणि खाली-उजवा असे चार कोन दिसतील. दोन्ही बिंदूंपाशी एकाच जागी असलेले कोन, उदाहरणार्थ दोन्हीकडचे वर-उजवे, हे संगत कोन. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात चार कोन येतात. वरच्या बिंदूचा खाली-डावा आणि खालच्या बिंदूचा वर-उजवा हे छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असल्याने आंतरव्युत्क्रम कोन ठरतात. पट्ट्यातलेच, पण छेदिकेच्या एकाच बाजूचे दोन कोन, म्हणजे वरचा खाली-उजवा आणि खालचा वर-उजवा, ही आंतरकोनांची जोडी. पट्ट्याबाहेरच्या विरुद्ध बाजूंच्या जोडीला बाह्यव्युत्क्रम कोन म्हणतात.

रेषा समांतर असल्या की संगत कोन समान होतात, व्युत्क्रम कोनही समान होतात, पण आंतरकोनांची बेरीज 180 अंश होते. छेदिका तिरकी असेल तर आठ कोनांत फक्त दोनच मापे असतात, एक लघुकोनाचे आणि एक विशालकोनाचे. एक कोन 65 अंशांचा असेल, तर उरलेले सातही 65 किंवा 115 अंशांचेच असतात.

आता एक प्रश्न. समांतर रेषांमधल्या पट्ट्यात वरच्या रेषेपाशी (3x + 10) अंशांचा आणि खालच्या रेषेपाशी (2x + 20) अंशांचा कोन दिला आहे. ही जोडी व्युत्क्रम असेल, तर समीकरण असे:

3x + 10 = 2x + 20

यावरून x = 10 आणि दोन्ही कोन 40 अंशांचे. तीच जोडी आंतरकोनांची असेल, तर

(3x + 10) + (2x + 20) = 180

म्हणून 5x = 150, x = 30, आणि कोन 100 व 80 अंशांचे. दोन्ही उत्तरे आपापल्या समीकरणात चपखल बसतात, त्यामुळे ताळा करूनही नाव चुकल्याचे कळत नाही. ते कळते आकृतीकडे परत पाहिल्यावर. वर काढलेल्या आकृतीत (3x + 10) हा खाली-उजव्या जागी असेल, तर तो विशालकोन आहे. तिथे 40 अंश हे उत्तर आले, की जोडी चुकीची ओळखली हे लगेच ध्यानात यावे. आकृती मापात काढलेली नसली, तरी कोन छेदिकेच्या कोणत्या बाजूला आहेत हे तपासता येतेच.

याहून फसवा प्रकार मोडलेल्या रेषेचा. वरच्या रेषेवरील अ बिंदूपासून निघालेला रेषाखंड दोन्ही समांतर रेषांच्या मध्ये, अ आणि क यांच्या उजवीकडे असलेल्या प बिंदूपर्यंत येतो आणि तिथून वळून खालच्या रेषेवरील क बिंदूला जातो. अ पाशी समांतर रेषेच्या उजव्या भागाशी 35 अंशांचा आणि क पाशी तसाच 50 अंशांचा कोन आहे. अनेक विद्यार्थी या दोन कोनांना आंतरकोन मानून बसतात. पण अप आणि पक मिळून एक सरळ छेदिका होत नाही, म्हणून 180 चा नियम इथे लागूच नाही. प मधून तिसरी समांतर रेषा काढली, की कोन अपक चे दोन भाग होतात. वरचा भाग व्युत्क्रम म्हणून 35 अंशांचा, खालचा तसाच 50 अंशांचा, आणि पूर्ण कोन 85 अंशांचा. ही जादा रेषा काढण्याची सवय हाताला लागली, की असले प्रश्न अवघड राहत नाहीत.

युक्लिडने इसवी सनपूर्व 300 च्या सुमारास या गुणधर्मांची मांडणी दोन भागांत केली. कोनांच्या मापांवरून रेषा समांतर ठरतात, हे त्याच्या पहिल्या पुस्तकातील 27 व 28 ही विधाने सांगतात. रेषा समांतर असल्यावर कोनांची मापे अशी येतात, हे उलट विधान 29 वे आहे. त्यासाठी त्याला पाचवे गृहीतक लागले: एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल, तर रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात. पहिल्या 28 विधानांत युक्लिडने हे गृहीतक कुठेही वापरलेले नाही.