एलईडी ते अख्खी खोली: तीन महिन्यांत ऑटोमेशन कसे शिकाल?

पहिला महिना: ईएसपी३२ बोर्डला २२० ओहमच्या रेझिस्टरमार्फत लाल एलईडी जोडा. पिनला `HIGH` दिले की तो लागतो.

दुसरा महिना: पीआयआर सेन्सर जोडून, हालचाल झाली की तोच एलईडी लावा. स्थिर बसलेला माणूस पीआयआरला दिसत नाही. म्हणून शेवटच्या हालचालीनंतर दहा मिनिटांनीच तो बंद होऊ द्या.

तिसरा महिना: एलईडीच्या जागी रिले, त्यावर दिवा आणि पंखा. नवखे इथेच फसतात. अनेक रिले मॉड्यूल `LOW` दिल्यावर चालू होतात. मग जुना प्रोग्राम उलटा वागतो: रिकाम्या खोलीत दिवा जळतो. त्यामुळे २३० व्होल्ट जोडण्याआधी रिले केव्हा चालू होतो ते पाहून प्रोग्राम बदला. विजेची जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच, तीही टू-वे करून घ्या. बोर्ड बंद पडला तरी भिंतीवरचे बटण चालेल.