माघारीची चिठ्ठी
(संशोधनाची पहिली पायरी : भाग ९)

मागच्या आठवड्यात प्रश्नावली बेतली. या वेळी तिच्याआधी मुलांच्या हातात पडणारा कागद लिहायचा आहे : माहितीपत्रक. उदाहरण आपलंच घेऊ. समजा, एम.एड.ची एक विद्यार्थिनी माळशिरसच्या एका शाळेत दहावीच्या ४० मुलांना बोर्डाच्या परीक्षेच्या ताणाबद्दल विचारणार आहे. प्रश्न पंधरा, वेळ वीस मिनिटं, महिना जानेवारी.

पहिल्या मसुद्यात हमखास असं वाक्य येतं : 'सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून सहभागी केव्हाही माघार घेऊ शकतो.' व्याकरण चोख, पण पंधरा वर्षांच्या पोराला यातून काय कळणार? 'ऐच्छिक' म्हटलं की त्याला ऐच्छिक विषय आठवतो, आणि तो तर घ्यावाच लागतो. मी असं लिहीन : 'ही परीक्षा नाही. याला गुण नाहीत. भरायचं नसेल तर भरू नकोस, कारण सांगावं लागणार नाही. अर्ध्यावर कंटाळा आला तर थांब. एखादा प्रश्न नको वाटला तर तेवढा सोड. तू भरलंस की नाही, हे तुझ्या सरांना आणि बाईंना कळणार नाही.'

शेवटचं वाक्य लिहायला सोपं, पाळायला अवघड. वर्गशिक्षक समोर उभे राहून 'कुणाला भरायचं नाही, हात वर करा' म्हणाले, की पत्रक तिथेच रद्दीत गेलं. म्हणून शिक्षकांनी वीस मिनिटं वर्गाबाहेर थांबायचं. सगळ्यांना कागद द्यायचा आणि सगळ्यांनी तो घडी घालून पेटीत टाकायचा, भरलेला असो वा कोरा. बाहेरून दोन्ही घड्या सारख्याच दिसतात.

आता माघारीची खरी गाठ. कागदावर नाव नाही, म्हणजे गुप्तता छान. पण तिसऱ्या दिवशी एखादी मुलगी म्हणाली, 'माझा कागद काढून टाका,' तर तो ओळखायचा कसा? निनावी कागद परत काढता येत नाही. 'केव्हाही माघार' लिहिणाऱ्या बहुतेकांना हे सुचलेलंच नसतं. यावर एक उपाय पुस्तकांतून सांगतात : आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारीख मिळून ज्याचा त्याने संकेतांक करायचा. शाळेत तो चालत नाही. आईचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही जनरल रजिस्टरला असतात. कारकुनाला पाच मिनिटांत कागद कुणाचा ते सांगता येईल.

त्यापेक्षा सायकल स्टँडची पावती बरी. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एकच आकडा दोनदा छापायचा, मध्ये फाडायची रेघ. कागद पिसून वाटायचे, कुणाला कुठला आकडा गेला याची यादी करायची नाही. मुलाने आपला तुकडा फाडून दप्तरात ठेवायचा. माघार घ्यायची असेल तर तो आकडा चिठ्ठीवर लिहून ग्रंथालयातल्या पेटीत टाकायचा. त्या आकड्याचा कागद फाडला जातो. तो कुणाचा होता, हे संशोधक बाईंनाही कळत नाही.

मुदत मात्र खरी लिहायची. एकदा बेरजा झाल्या की त्यातून एकाचं उत्तर वेगळं काढता येत नाही. म्हणून : 'कागद दिल्यापासून सात दिवसांपर्यंत तो परत मागता येईल. त्यानंतर नाही. तुकडा हरवला तरी परत मागता येणार नाही.' वाचायला हे कडक वाटेल, पण न पाळता येणाऱ्या 'केव्हाही'पेक्षा हे प्रामाणिक आहे.

नाव नसलं म्हणजे ओळख लपलीच असंही नाही. प्रश्नावलीत गाव, मुलगा की मुलगी आणि वसतिगृहात राहता का, हे तीन प्रश्न असतील, तर पिलीवची वसतिगृहात राहणारी मुलगी चाळीसांत कदाचित एकच निघेल. विश्लेषणाला गाव लागणार नसेल तर तो प्रश्न काढून टाका.

संमतीचं थोडक्यात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि बारा ते अठरा वयात मुलाचा स्वतःचा लेखी होकारही. पालकांचा कागद वेगळा करा. ज्या घरी वाचणारं कुणी नाही तिथे तो वाचून दाखवा. वडील 'हो' म्हणाले आणि पोरगी 'नाही' म्हणाली, तर तिचं 'नाही' चालतं.

उरली एक कडू ओळ. एखादं मूल कागदावर जीव नकोसा झाल्याचं लिहील. निनावी पद्धतीत त्याच्यापर्यंत कुणीच पोचू शकणार नाही, हे पत्रकात आधीच सांगायला हवं : 'इथे लिहिलेलं वाचून आम्ही तुला शोधू शकणार नाही. मन फार जड झालं तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.' हा आकडा मुलाच्या दप्तरात जाणाऱ्या तुकड्यावरच छापा, कारण पत्रक घरी पोचेलच असं नाही.

पुढच्या भागापर्यंत तुमचा मसुदा एखाद्या दहावीच्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.